ठिबक कुठे बुजले ते चित्रांतून शिकवणे: सभासदांच्या प्रशिक्षणासाठी अकरा स्लाइडचा आराखडा

सहकारी संस्थेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत ठिबकावरचे प्रशिक्षण घेण्याची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली, की ठिबक म्हणजे काय, त्याने पाणी किती वाचते आणि अनुदान कसे मिळते, या क्रमाने स्लाइड भरण्याकडे कल असतो. मराठवाड्यातल्या सभासदांसमोर हा क्रम फारसा उपयोगी पडत नाही, कारण वसमतकडचा हळदवाला, जालन्याचा मोसंबीवाला किंवा कन्नडचा आलेवाला यांच्या शेतात ठिबक आधीच पसरलेले असते. त्यांची अडचण पुढची आहे. नळ्या दोन-तीन हंगाम चालल्या, की ओळीच्या काही भागात रोपे मागे पडतात, आणि मग मोटार जास्त वेळ चालवून त्यावर उपाय केला जातो, ज्याने चांगल्या ड्रिपरखाली पाणी साचते आणि बुजलेल्याखाली माती कोरडी ती कोरडीच राहते.

म्हणून या आराखड्यात एकच विषय घेतला आहे: ड्रिपर बुजले आहेत का, कुठे बुजले आहेत आणि कशाने बुजले आहेत, हे सभासदाला स्वतःच्या शेतात ओळखता यावे आणि त्यानुसार योग्य तीच दुरुस्ती करता यावी. स्लाइडवर चित्र मोठे आणि शब्द चार-पाचच असावेत. बाकीचे सारे तुम्ही तोंडाने सांगायचे आहे.

आधी फोटो काढा, मग स्लाइड करा

फोटो शक्यतो तुमच्याच सभासदांच्या शेतातले घ्या. कंपनीच्या माहितीपत्रकातली नळी नवी, चकचकीत आणि हिरवळीवर पसरलेली असते. तिच्यावर क्षार नसतो, चिखल नसतो, आणि आपल्याला नेमके तेच दाखवायचे आहे. फोटोसाठी मोटार चालू लागते, म्हणून त्या आठवड्यात शेतीचा थ्री-फेज पुरवठा दिवसा आहे की रात्री, हे आधी विचारून घ्या आणि दिवसाच्या पाळीतच जा.

नवख्या माणसाला इथे एक अडचण हमखास येते. काळ्या मातीवर काळी नळी फोटोत दिसतच नाही. पडद्यावर तर ती पूर्ण हरवते. यावर सोपा उपाय म्हणजे खताचे रिकामे पांढरे पोते उलटे करून नळीखाली अंथरणे. मग ड्रिपरचे छिद्र, त्याच्याभोवतीचे पांढरे कडे आणि पडणारा थेंब स्पष्ट उठून दिसतो. छिद्र अगदी लहान असल्यामुळे मोबाइल जवळ नेऊन नळीचा वीतभर तुकडा संपूर्ण चौकटीत भरेल असा फोटो घ्या, आणि आकार कळावा म्हणून शेजारी बोट ठेवा. सगळे फोटो मोबाइल आडवा धरून काढा. सकाळचे कोवळे ऊन असेल तर सावल्या फार काळ्या पडत नाहीत.

नळीचा उभा छेद, बाणांनी भरलेली आकृती किंवा आलेख या प्रशिक्षणात टाळावेत, असे माझे मत आहे. छेद पाहण्याची सवय नसलेल्याला ती आकृती म्हणजे शेतातली नळी आहे हे जुळवायलाच वेळ लागतो. आतला भाग दाखवायचा असेल तर नळी ब्लेडने खरोखर उभी चिरा आणि तिचा फोटो घ्या. बरोबर-चूक दाखवताना हिरवा आणि लाल रंग पुरेसा समजू नका, कारण काहींना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. बरोबरची खूण आणि फुलीही काढा.

पहिली ते तिसरी स्लाइड: ग्लास भरतो का

पहिल्या स्लाइडवर एकाच ओळीतली दोन रोपे शेजारी-शेजारी ठेवा: एक फोटो ओळीच्या सुरुवातीचा, दुसरा टोकाचा. फोटो एकाच दिवशी, एकाच उंचीवरून काढलेले असावेत. शब्द: "ओळ एकच. रोपे दोन." इथे लगेच उत्तर देऊ नका. असे कशामुळे झाले असेल, हे सभासदांना विचारा आणि त्यांची उत्तरे फळ्यावर लिहून ठेवा. खत कमी पडले, कंदकूज झाली, माती हलकी आहे, अशी उत्तरे येतील आणि त्यातली काही खरीही असतील. या बैठकीला घरातल्या बायकांनाही आवर्जून बोलवा, कारण खुरपणी त्याच करतात आणि कोणत्या नळीखालची माती कोरडी लागते, हे त्यांच्या हाताला सर्वांत आधी कळलेले असते.

दुसऱ्या स्लाइडवर ड्रिपरखाली ठेवलेला पारदर्शक ग्लास, आणि शब्द: "३ मिनिटे, २०० मिली". तोंडाने हिशेब समजावून सांगा. तासाला ४ लिटर देणारा ड्रिपर १५ मिनिटांत १ लिटर देतो, म्हणजे ३ मिनिटांत २०० मिली. ड्रिपर तासाला २ लिटरचा असेल तर तेवढ्याच वेळात १०० मिली यायला हवे. कोणता ड्रिपर आहे हे नळीवर छापलेले असते किंवा बिलावर मिळते. घरातल्या ग्लासांची मापे वेगवेगळी असतात, म्हणून औषधाच्या मोजपट्टीच्या झाकणाने २०० मिली पाणी ओतून ग्लासावर खूण करून घ्यायची.

मापाच्या वेळी एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. इनलाइन नळीत ड्रिपरमधून बाहेर आलेले पाणी सरळ खाली पडत नाही. ते नळीच्या पोटाला धरून पुढे वाहत जाते आणि ग्लासाच्या बाहेर पडते. म्हणून नळी वळवून छिद्र खाली आणायचे, छिद्रावरून सुताचा दोरा नळीभोवती गुंडाळून त्याचे टोक ग्लासात सोडायचे, आणि ग्लास बसेल एवढा खड्डा नळीखाली करायचा. या दोऱ्याचा जवळून घेतलेला फोटो त्याच स्लाइडच्या कोपऱ्यात लावा, कारण सांगून हे कळत नाही, पाहून लगेच कळते.

तिसऱ्या स्लाइडवर पाण्याच्या टाकीवरून किंवा आखाड्याच्या माळवदावरून काढलेला वाफ्याचा फोटो आणि त्यावर नऊ गोल. शब्द: "९ जागा". पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन नळ्या, आणि प्रत्येक नळीवर सुरुवात, मध्य आणि टोक. नऊही ग्लासांची ३ मिनिटे झाली की ते उचलून सपाट फळीवर त्याच मांडणीत ठेवायचे: मोटारीकडची बाजू आपल्याकडे, टोक पलीकडे. इथून पुढची सगळी चित्रे या नऊ ग्लासांचीच आहेत.

चौथी ते दहावी स्लाइड: तीन मांडण्या, तीन दुरुस्त्या

बुजलेले ठिबक दिसले की थेट आम्ल सोडण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. चिखलाने बुजलेल्या नळीत आम्लाचा उपयोग होत नाही, आणि फिल्टर तुंबलेला असताना तर ते पैसे वाया घालवणे आहे. कुठली दुरुस्ती करायची हे नऊ ग्लासांची मांडणी सांगते. हा प्रशिक्षणाचा गाभा असल्यामुळे निम्म्याहून अधिक वेळ इथेच द्या.

चौथी स्लाइड: नऊही ग्लास सारखेच, पण सगळेच कमी, साधारण निम्मे. शब्द: "सगळे कमी". सगळे ड्रिपर एकाच वेळी सारखे बुजत नाहीत. म्हणून अडथळा ड्रिपरच्या आधी, मोटार आणि सबमेन यांच्या मध्ये कुठेतरी आहे. फिल्टर तुंबलेला असेल, वॉल अर्धवट उघडा असेल, मेन पाइप कुठे फुटलेला असेल किंवा मोटारीच्या ताकदीपेक्षा जास्त भाग एकदम सोडलेला असेल. बोअरचे पाणी खाली गेल्यावर एप्रिल-मे महिन्यांत मोटारच कमी पाणी उचलते, तेव्हाही हेच चित्र दिसते, आणि त्या वेळी उपाय एकच असतो: एका वेळी कमी भाग सोडणे.

पाचव्या स्लाइडवर फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन दाबमापक. शब्द: "फरक ०.५ झाला, फिल्टर धुवा". पाणी फिल्टरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना दाबात थोडा फरक असतोच. तो प्रति चौरस सेंटीमीटर ०.५ किलोच्या पुढे गेला की फिल्टर साफ करायची वेळ झाली. आकडे वाचायची अडचण असणाऱ्यांसाठी, फिल्टर स्वच्छ असताना दोन्ही काटे जिथे असतात तिथे काचेवर नेलपॉलिशने रेघ मारून ठेवायला सांगा. काटा रेघेपासून किती सरकला, हे मग कोणालाही दिसते. सँड फिल्टर असेल तर पाणी उलट दिशेने सोडून बॅकवॉश करायचा, स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर असेल तर तो उघडून ब्रशने धुवायचा. जाळीला भोक पडलेले असेल तर धुणे निरर्थक आहे, म्हणून जाळी उजेडाकडे धरून पाहण्याचा फोटोही याच स्लाइडवर ठेवा.

सहावी स्लाइड: मोटारीकडचे ग्लास भरलेले, टोकाकडचे रिकामे होत गेलेले. शब्द: "टोकाला कमी". नळीत पाण्याचा वेग टोकाकडे मंदावतो आणि पाण्यातला बारीक गाळ तिथेच खाली बसतो. शेततळ्यातून किंवा कालव्यातून पाणी घेणाऱ्यांकडे ही मांडणी जास्त दिसते.

सातव्या स्लाइडवर तीन फोटो: एंड कॅप किंवा आठच्या आकाराची कडी काढल्यावर नळीतून आलेले पहिले चिखलाचे पाणी, नंतरचे गढूळ पाणी आणि शेवटी नितळ पाणी. तिन्ही वेळा पाणी पांढऱ्या घमेल्यात किंवा थाळीत धरून फोटो काढा. शब्द: "नितळ येईपर्यंत". धुण्याचा क्रम तोंडाने सांगा: आधी मेन, मग सबमेनचा फ्लश वॉल, आणि त्यानंतर नळ्या, कारण उलट केले तर सबमेनमधला गाळ नुकत्याच धुतलेल्या नळ्यांत जाऊन बसतो. सगळ्या नळ्यांची टोके एकदम उघडू नयेत. दाब पडतो, पाणी हळू वाहते आणि गाळ जागचा हलत नाही. म्हणून एका वेळी पाच-सहा नळ्याच उघडाव्यात.

इथे फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखवा. समजा, हळदीचा १८ गुंठ्यांचा एक भाग आहे, पाच फुटांवर नळी, ४० सेंटीमीटरवर तासाला ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे सुमारे ३,००० ड्रिपर. नऊ ग्लासांत पहिल्या नळीवर १९०, १८५, १८० मिली, मधल्या नळीवर १८५, १७५, १२० आणि शेवटच्या नळीवर १८०, १३०, ७० मिली पाणी आले. ठिबकाचा आराखडा करतानाच नळीभर ड्रिपरच्या पाण्यात १० टक्क्यांहून जास्त फरक पडू नये असे धरलेले असते, म्हणून १८० आणि त्याच्या वरचे ग्लास ठीक समजायचे. कमी पडलेले चारही ग्लास मधल्या आणि शेवटच्या नळ्यांवरचे आहेत, आणि त्यातले सर्वांत रिकामे दोन्ही नळ्यांच्या टोकाचे. सुरुवातीचे तिन्ही ग्लास भरलेले आहेत, म्हणजे फिल्टर आणि मोटार ठीक आहे. नळ्या धुतल्यावर पुन्हा मोजले तेव्हा शेवटची नळी सोडून बाकी सर्व १८० च्या वर गेले, आणि शेवटच्या नळीवर १८५, १८०, १५० आले. ७० चे १५० झाले, म्हणजे गाळ निघाला. पण उरलेला फरक का, हा प्रश्न सभासदांना विचारा. पुन्हा धुऊनही टोक १५० वरच राहिले, तर ती नळी कुठे दबली आहे का, उंदराने कुरतडून मध्येच पाणी गळते आहे का, की ती मुळातच ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त ओढली आहे, हे चालत जाऊन पाहावे लागेल. वाढवलेल्या नळीला धुणे हा उपाय नाही.

आठवी स्लाइड: काही ग्लास भरलेले, काही रिकामे, कुठलाही क्रम नाही. शब्द: "कुठेही कमी". सुरुवातीचाही एखादा ड्रिपर बंद आणि टोकाचा मात्र व्यवस्थित चालू. याचा अर्थ एकेक ड्रिपर आतून बुजला आहे, आणि कशाने बुजला हे नळी चिरल्याशिवाय कळणार नाही.

नवव्या स्लाइडवर चिरलेल्या दोन ड्रिपरचे मोठे फोटो. एकात पांढरा, टणक, खरखरीत थर, दुसऱ्यात हिरवट-तपकिरी बुळबुळीत साय. शब्द: "पांढरा: क्षार" आणि "बुळबुळीत: शेवाळ". पहिला प्रकार खोल बोअरच्या जड पाण्याचा, दुसरा उघड्या विहिरीचा आणि शेततळ्याचा. पांढऱ्या थरावर पातळ आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. सभासदांसमोर हा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवा, कारण आम्लाने नेमके काय विरघळते हे त्यात डोळ्यांनी दिसते. बुळबुळीत सायीवर आम्लाचा असा परिणाम होत नाही. तिला ब्लीचिंग पावडरच्या नितळ निवळीची प्रक्रिया लागते. पाणी जड नसतानाही पांढरे साचले असेल, तर खत कसे सोडले ते विचारा. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदयुक्त विद्राव्य खत एकाच टाकीत कालवले की तळाशी न विरघळणारा पांढरा साका बसतो, आणि तोच पुढे ड्रिपरमध्ये जातो.

दहावी स्लाइड सुरक्षिततेची आहे आणि तिच्यावर आम्लाचे प्रमाण लिहू नका. डावीकडे रबरी हातमोजे आणि चष्मा घातलेला माणूस प्लास्टिकच्या ड्रममधल्या पाण्यात आम्ल ओततो आहे, त्याला बरोबरची खूण. उजवीकडे आम्लाची कॅन आणि ब्लीचिंगची पिशवी शेजारी-शेजारी, त्यावर मोठी फुली. शब्द: "आधी पाणी, मग आम्ल". आम्लात पाणी ओतले तर ते उसळून अंगावर येते. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले तर क्लोरिन वायू निघतो, आणि बंद मोटारखोलीत तो जीवघेणा ठरू शकतो. दोन्ही प्रक्रिया एका दिवशी करायच्या नाहीत, एकाच भांड्यात तर कधीच नाहीत.

प्रमाण स्लाइडवर न लिहिण्याचे कारण असे, की ते प्रत्येकाच्या पाण्यानुसार बदलते आणि पडद्यावर दिसलेला आकडा लोक तसाच घरी नेतात. त्याऐवजी मोजण्याची पद्धत करून दाखवा. सभासदाच्या बोअरचे १० लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्या, त्यात बाजारी हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे-थोडे मोजून टाका, ढवळा, आणि सामूच्या पट्टीवर ४ येईपर्यंत थांबू नका. समजा १० मिली लागले, म्हणजे लिटरला १ मिली. वरच्या उदाहरणातले ३,००० ड्रिपर तासाला १२,००० लिटर म्हणजे १५ मिनिटांत ३,००० लिटर पाणी सोडतात, त्यामुळे त्या भागाला ३ लिटर आम्ल लागेल. ते ड्रममधल्या पाण्यात मिसळून व्हेंचुरीने १५ मिनिटांत सोडायचे. व्हेंचुरी लोखंडी सँड फिल्टरच्या पुढे असावी, नाहीतर टाकी आतून गंजते. सर्वांत दूरच्या ड्रिपरच्या पाण्यात पट्टी बुडवून तिथेही ४ आले की मोटार बंद करायची, पाणी नळ्यांत २४ तास राहू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सातव्या स्लाइडप्रमाणे सगळ्या नळ्या धुवायच्या. धुणे राहिले तर सुटलेले कण पुन्हा ड्रिपरमध्येच अडकतात. फार जुना, दगडासारखा झालेला थर एका वेळेत निघत नाही, आणि काही ड्रिपर कशानेच उघडत नाहीत. तेवढा नळीचा तुकडा कापून जॉइनरने नवा जोडणे स्वस्त पडते, हेही स्पष्ट सांगा.

अकरावी स्लाइड आणि प्रत्यक्ष शेत

शेवटच्या स्लाइडवर दुरुस्तीनंतरचे नऊ ग्लास. शब्द: "पुन्हा मोजा". ही स्लाइड पडद्यावर ठेवूनच सभागृहातून उठा आणि जवळच्या शेतात जा. सभागृहातला भाग पाऊण तासात संपवा. शेतात सभासदांचे तीन-तीन जणांचे गट करा, प्रत्येक गटाकडे नऊ ग्लास, दोरा आणि घड्याळ द्या, आणि मांडणी कोणत्या स्लाइडशी जुळते हे त्यांना स्वतः ठरवू द्या. तुम्ही आधी सांगू नका. दोन गटांची उत्तरे वेगळी आली तर ग्लास ठेवण्याच्या जागा पुन्हा पाहा. बहुतेक वेळा कोणाच्या तरी ग्लासात पाणी नळीवरून घसरून शेजारी पडलेले असते.

दुपारी लाईट जाईल हे गृहीत धरून चौथी, सहावी आणि आठवी या तीन स्लाइड मोठ्या आकारात आधीच छापून ठेवा. मंदिराच्या सभामंडपात भर उजेडात प्रोजेक्टरवरचे फोटो तसेही फिके पडतात, तिथे हेच कागद कामाला येतात. याच तीन चित्रांची हातभर लांबीची, प्लास्टिकमध्ये बंद केलेली प्रत प्रत्येक सभासदाला द्या आणि ती घरात न ठेवता मोटारखोलीत स्टार्टरच्या पेटीशेजारी लावायला सांगा. मागच्या बाजूला नऊ चौकोन आणि तारखेची जागा छापून घेतली, की पुढच्या हंगामातल्या मापाची नोंद तिथेच राहते, आणि संस्थेच्या माणसाला शेतावर गेल्यावर कोणती नळी आधी पाहायची ते लगेच कळते.